कॅमेऱ्याने टिपलेले, पडद्यावर न आलेले २.६ मिलिमीटर

आजच्या भागात एक छोटंसं गणित आहे आणि त्या गणितात अडकलेला एक सिनेमा आहे. गणित असं: व्हिडिओची रुंदी तीच ठेवायची, पण अस्पेक्ट रेशो बदलायचा. मग वरून-खालून किती उंची जाते? मोबाइलवर रील कापताना हे काम ॲप करून टाकतं. पण १९५३ साली अमेरिकेतल्या थिएटरांमध्ये हेच काम पत्र्याचा एक तुकडा करत होता.

आधी थोडं मागे जाऊ. ३५ मिलिमीटरची फिल्म एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने आकाराला आणली. एका फ्रेमला चार छिद्रांची उंची, म्हणून मूकपटाचं चित्र ४:३ होतं, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३३ पट. मग बोलपट आला. आवाजाची पट्टी चित्राच्याच बाजूला छापावी लागली आणि तिने रुंदी खाल्ली. चित्र जवळजवळ चौकोनी दिसायला लागलं. तेव्हा १९३२ मध्ये हॉलिवूडच्या अकादमीने तोडगा काढला: रुंदी कमी झाली आहे ना, मग उंचीही कमी करा. प्रोजेक्टरमधून दिसणारं चित्र ठरलं २०.९६ मिलिमीटर रुंद आणि १५.२४ मिलिमीटर उंच. भागाकार केला की साधारण १.३७ येतं. यालाच अकादमी रेशो म्हणतात.

पुढची वीस वर्षं हाच आकार चालला. कॅमेरामन याच चौकटीत विचार करायचे: डोक्यावर किती मोकळी जागा, पायाशी किती जमीन.

जॉर्ज स्टीव्हन्स या दिग्दर्शकाने १९५१ मध्ये वायोमिंगच्या टेटन डोंगरांजवळ 'शेन' हा वेस्टर्न चित्रपट शूट केला, तोही याच अकादमी चौकटीत. कॅमेरामन होते लॉयल ग्रिग्ज. सुरुवातीलाच दूरवरून येणारा घोडेस्वार हरणाच्या शिंगांमधून दिसतो. मागे उंच डोंगर आणि वर भरपूर आकाश. अशा चित्रात उंची रिकामी पडलेली नसते, तिथे गोष्ट सांगितली जात असते.

स्टीव्हन्सनी एडिटिंगला बराच वेळ घेतला आणि तेवढ्यात बाजार बदलला. घरोघरी टीव्ही आला होता आणि त्याचा पडदाही ४:३ होता. १९५२ च्या सप्टेंबरमध्ये तीन प्रोजेक्टरवाल्या सिनेरामाने न्यूयॉर्कला वेड लावलं. आता सगळ्या स्टुडिओंना रुंद पडदा हवा होता. पण पॅरामाउंटकडे 'शेन' तयार होता आणि तो उंच चौकटीत होता. त्यांनी काय केलं? एप्रिल १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये तो १.६६ मध्ये दाखवला.

फिल्मला हातही न लावता हे कसं जमलं? प्रोजेक्टरमध्ये फिल्मसमोर खिडकी असलेली एक धातूची पट्टी असते, अ‍ॅपर्चर प्लेट. तिची खिडकी जेवढी, तेवढंच चित्र पडद्यावर. खिडकीची रुंदी तीच ठेवली, उंची कमी केली आणि चित्र जास्त मोठं करणारी लेन्स लावली. झाला रुंद पडदा!

आता आपलं गणित. रुंदी ठरलेली असली की नवी उंची एका भागाकारात मिळते:

नवी उंची = रुंदी ÷ नवा रेशो
गेलेली उंची = जुनी उंची − नवी उंची

२०.९६ ला १.६६ ने भागलं की १२.६३ मिलिमीटर येतात. मूळ उंची १५.२४. म्हणजे गेले २.६१ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हे चित्राच्या उंचीचे सुमारे १७ टक्के आहेत. मोठ्या पडद्यावर तेवढ्यात टोपीसकट माणसाचं डोकं सहज बसतं.

हेच आज फाइलवर करून पाहू. १.३७ चा सिनेमा १०८० पिक्सेल उंचीत बसवला की रुंदी येते १४८०. तो १.६६ करायचा तर १४८० भागिले १.६६, म्हणजे ८९१.५७. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. अर्धा पिक्सेल नसतो, म्हणून पूर्ण संख्या घ्यायची. आणि ती समसंख्या हवी, कारण बहुतेक व्हिडिओंमध्ये रंगाची माहिती दोन-दोन पिक्सेलच्या जोडीने साठवलेली असते. म्हणून ८९२. गेले १८८ पिक्सेल: वरून ९४, खालून ९४.

```
ffmpeg -i in.mp4 -vf "crop=1480:892:0:94" out.mp4
```

शेवटचा ९४ हा आकडा मला सगळ्यात रंजक वाटतो. किती उंची जाणार हे भागाकार सांगतो, पण कुठून जाणार हे तो सांगत नाही. तो आकडा ० केला तर सगळे १८८ पिक्सेल खालून जातील: आकाश राहील, घोड्याचे पाय जातील. १८८ केला तर उलटं. १९५३ मध्ये हेच काम प्रोजेक्टरच्या फ्रेमिंग नॉबने व्हायचं. चित्र वर-खाली सरकवायचा तो नॉब ऑपरेटरच्या हातात असायचा. म्हणजे कापायचं किती हे स्टुडिओने ठरवलं, पण शेवटी कोणाचं डोकं वाचणार हे त्या केबिनवरही अवलंबून होतं.

वाद तिथे संपला नाही. २०१३ मध्ये 'शेन'ची ब्लू-रे आली, तेव्हा आधी १.६६ जाहीर झालं होतं. जाणकारांनी विरोध केला आणि डिस्क अखेर १.३७ मध्ये निघाली. साठ वर्षांनी ते २.६ मिलिमीटर परत आले.

पण सावध! गेलेली उंची म्हणजे दरवेळी नुकसान नव्हे. १९५३ नंतर कॅमेरामन रुंद चौकट डोळ्यासमोर ठेवूनच फ्रेम लावायला लागले. निगेटिव्हवर वर-खाली जास्तीचं चित्र असायचं, पण ते दाखवायचं नसायचं. ते उघडलं तर कधीकधी वरून माइक डोकावतो. म्हणून आधी शूटिंगचं साल पाहायचं, मग कात्री.

आपल्याकडे 'कागज के फूल' हा पहिला भारतीय सिनेमास्कोप चित्रपट १९५९ चा. त्याआधीचा कृष्णधवल सिनेमा फोनच्या पडद्यावर काळ्या पट्ट्यांशिवाय, काठोकाठ भरलेला दिसला तर शंका घ्या. एखादं चाक किंवा पूर्ण चंद्र शोधा. तो लंबगोल असेल तर चित्र ताणलंय. गोल असेल आणि कपाळं कापलेली दिसत असतील, तर ते क्रॉप केलंय. १४४० बाय १०८० चा ४:३ व्हिडिओ १६:९ केला की उंची उरते ८१०. गेले २७० पिक्सेल, बरोबर पाव चित्र.

त्या दोन काळ्या पट्ट्या डावी-उजवीकडे दिसल्या तर चिडू नका. त्या आहेत म्हणून वरचं आकाश शाबूत आहे. भेटू पुढच्या भागात!