बॉशच्या आकड्यात दडलेली मायको

मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर बॉश कंपनी शोधली की नावाशेजारी सहा अंकी आकडा दिसतो: 500530. त्याच्या अलीकडे 500520 वर महिंद्र अँड महिंद्र आहे आणि पलीकडे 500550 वर सीमेन्स. इंग्रजी वर्णक्रमात एम आणि एस यांच्या मध्ये बी कशी घुसली? हे कोडं नाशिककराला घातलं तर तो लगेच सोडवेल. २००८ पर्यंत या कंपनीचं नाव मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको होतं. पाटी बदलली, पण बाजाराच्या यादीतली एमची जागा तिने सोडली नाही. या एका आकड्यावरून माझं जे कुतूहल चाळवलं, त्याची ही कुळकथा.

मोठा इतिहास थोडक्यात उरकतो. न्यूयॉर्कमध्ये १८६७ साली एडवर्ड कॅलहननं भाव छापणारं तारयंत्र आणलं. त्याच्या टिकटिकीवरून ते ‘टिकर’ झालं, आणि अरुंद कागदी फितीवर मावावीत म्हणून कंपन्यांची नावं एक-दोन अक्षरांवर आली. आपल्याकडे राष्ट्रीय शेअर बाजारानं, म्हणजे एनएसईनं, १९९४ मध्ये समभागांचे व्यवहार सुरू केले तेव्हा अक्षरांचीच संकेतनामं घेतली. दलाल स्ट्रीटवरच्या बीएसईनं मार्च १९९५ मध्ये आरडाओरड्याचा सौदा सोडून ‘बोल्ट’ ही संगणकी पद्धत आणली. तिथे मात्र कंपनीची ओळख राहिली आकड्यात.

हे आकडे कोणत्या क्रमानं दिले असतील? पहिला तर्क असा की जी कंपनी आधी नोंदली गेली तिला आधीचा आकडा. हा तर्क टिकत नाही. इन्फोसिस बाजारात आली १९९३ साली आणि तिचा आकडा 500209. तिच्याहून कितीतरी जुनी टाटा स्टील मात्र 500470 वर.

दुसरा तर्क वर्णक्रमाचा. तो बराच पुढे नेतो. शेवटचे तीन अंक पाहा: एबीबी ००२, बाटा ०४३, सिप्ला ०८७, डाबर ०९६, हीरो १८२, इन्फोसिस २०९, रिलायन्स ३२५. इथवर गाडी रुळावर आहे. चारशेच्या पुढे मात्र गडबड सुरू होते. ४१० वर अचानक एसीसी येते, आणि एशियन पेंट्स तर थेट ८२० वर. एकाच वर्णक्रमाची यादी असती, तर या दोघी अगदी वर एबीबीच्या शेजारी बसल्या असत्या.

माझं म्हणणं असं की चारशेच्या पुढे वेगळीच, अधिक जुनी यादी आहे. तिच्यात आधी उद्योगवार गट पडतात आणि प्रत्येक गटात पुन्हा ए पासून सुरुवात होते. यंत्रं आणि वाहनांच्या ओळीत बजाज ४९०, भारत फोर्ज ४९३, एस्कॉर्ट्स ४९५, लार्सन ५१०, महिंद्र ५२०, मायको ५३०, सीमेन्स ५५०, टेल्को ५७० असा क्रम लागतो. औषधांच्या ओळीत ग्लॅक्सो ६६०, नोव्हार्टिस ६७२, सानोफी ६७४, फायझर ६८०. जी आणि पी यांच्या मध्ये एन आणि एस हे पुन्हा खटकतं ना? पण नोव्हार्टिस इंडिया पूर्वीची हिंदुस्थान सिबा-गायगी, आणि सानोफी इंडिया पूर्वीची होइश्ट. दोन्ही एचच्या, आपापल्या जागी चपखल.

सगळ्यात बोलका पुरावा शेवटच्या, किरकोळ गटात आहे. एशियन पेंट्स ८२०, ब्रिटानिया ८२५, कोलगेट ८३०, ईस्ट इंडिया हॉटेल्स ८४०, इंडियन हॉटेल्स ८५०, कॅस्ट्रॉल ८७०, आयटीसी ८७५. कॅस्ट्रॉल आयच्या घोळक्यात काय करते? तिचं आधीचं नाव इंड्रोल. आणि इंड्रोलची कॅस्ट्रॉल झाली १९९० साली. म्हणजे ही ओळ त्याच्याही आधी लागलेली असणार, बोल्ट यायच्या निदान चार वर्षं आधी. माझ्या मते छापील भावपत्रकातला उद्योगवार क्रमच इथे गोठला आहे आणि संगणकासाठी पुढे फक्त ‘५००’ चिकटवलं गेलं.

या मताला छेद देणारी उदाहरणं आहेत. भारत पेट्रोलियम ५४७ वर, मायको आणि सीमेन्सच्या मधोमध, कोणत्याच हिशेबात बसत नाही. स्टेट बँक ११२ वर, डाबरच्या पाठोपाठ. पण दहा-दहाच्या टप्प्यांनी आकडे दिले की मध्ये मोकळ्या जागा राहतात, आणि उशिरा आलेल्यांना तिथेच बसवलं जातं. अपवादांनी माझा तर्क थोडा ओरखडतो, मोडत नाही.

याचा व्यवहारात उपयोग काय, ते बजाजच्या उदाहरणावरून कळतं. आज ‘बजाज ऑटो’ शोधली तर आकडा मिळतो 532977, आणि जुना 500490 मिळतो बजाज होल्डिंग्जकडे. आकुर्डीच्या या कंपनीचं २००८ मध्ये विभाजन झालं. स्कूटर-मोटरसायकलींचा धंदा नव्या कंपनीत गेला, तिनं ‘बजाज ऑटो’ हे नाव घेतलं आणि नवा आकडाही. जुनी कायदेशीर कंपनी नाव बदलून जुन्या आकड्यासह राहिली. २०२५ मध्ये टाटा मोटर्सनं हेच केलं. टेल्कोचा 500570 प्रवासी गाड्यांच्या कंपनीकडे राहिला, तिचं एनएसईवरचं संकेतनाम `TMPV`. ‘टाटा मोटर्स’ हे नाव ट्रकच्या कंपनीनं घेतलं, तिचं `TMCV`. नाव धंद्यामागे जातं, आकडा कायदेशीर देहापाशी राहतो. म्हणून बजाज ऑटोचा २००० सालचा भाव आजच्या भावाशी लावून परतावा काढणारा दोन वेगळ्या कंपन्यांची बेरीज करत असतो.

तेव्हा एखादी कंपनी बाजारात आहे का हे पाहायचं, तर उत्पादनाच्या पाटीपासून सुरुवात करू नये. पाकिटावर किंवा बिलावर बारीक अक्षरात ‘लिमिटेड’सह छापलेलं पूर्ण नाव घ्यावं. त्याच्याजवळ किंवा कंपनीच्या पत्रावर २१ अक्षर-अंकांचा सीआयएन असतो. त्याचं पहिलं अक्षर `L` असेल तर कंपनी नोंदलेली, `U` असेल तर नाही. हे अक्षर बदलायला मात्र वेळ लागतो, त्यामुळे नुकत्याच आलेल्या किंवा बाहेर पडलेल्या कंपनीबाबत ते जुनं असू शकतं. म्हणून बीएसईच्या शोधात ते पूर्ण नाव घालून सहा अंकी आकडा काढावा आणि त्याच पानावर व्यवहार चालू आहेत की स्थगित, हेही पाहावं. स्थगित कंपनीलाही आकडा असतोच.

शेवटी आयएसआयएन जुळवावा. `INE` नं सुरू होणारा हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक डिमॅट खात्याच्या विवरणात असतो आणि दोन्ही बाजारांत एकच असतो. बीएसईचा आकडा आणि एनएसईचं संकेतनाम एकाच समभागाचे आहेत का, याचा निकाल तोच देतो. तोही कायमचा नसतो. समभागाचं विभाजन होऊन दर्शनी मूल्य बदललं की नवा आयएसआयएन मिळतो. बीएसईचा आकडा तेव्हाही तोच राहतो, आणि कंपनीचा माग काढायला मला तो सगळ्यात भरवशाचा वाटतो, ते त्यामुळेच.