गीझर, साठवणीचा : कुटुंबासाठी धारणक्षमतेची निवड

विद्युत्शक्तीने पाणी तापवून ते उष्णतारोधक आवरण असलेल्या टाकीत साठवून ठेवणाऱ्या उपकरणास साठवणीचा गीझर म्हणतात. घरगुती वापरासाठी ६, १०, १५, २५, ३५ आणि ५० लिटर या धारणक्षमतेचे गीझर बाजारात सर्रास मिळतात व त्यांची कॉइल बहुधा २ किलोवॅटची असते. भारतात या उपकरणास आय. एस. २०८२ हे मानक लागू आहे. यांपैकी कोणता गीझर घ्यावा हे कुटुंबातील माणसे मोजून ठरविण्याची वहिवाट आहे. परंतु ती पुरी विश्वसनीय नाही, कारण पाच माणसे पहाटेपासून नऊपर्यंत सवडीने स्नान करीत असतील तर १५ लिटरांचा गीझरही त्यांना पुरतो, आणि तीनच माणसांना एकाच अर्ध्या तासात घराबाहेर पडावयाचे असेल तर २५ लिटरांचा अपुरा पडतो. म्हणून निवडीचा खरा आधार सकाळच्या सर्वांत निकडीच्या अर्ध्या तासात लागणारे ऊन पाणी हा होय.

ही गरज दोन मार्गांनी भागते : टाकीत आधी तापवून ठेवलेली शिल्लक आणि स्नाने चालू असताना कॉइल नव्याने तापवीत असलेली भर. महाराष्ट्रातील घरोघरी असलेला तांब्याचा बंब याच तत्त्वावर चालत असे. वरून थंड पाणी ओतावे तेव्हा तोटीतून तेवढेच कढत पाणी बाहेर पडे, आणि जाळ चांगला असला म्हणजे लहानशा बंबावरही मोठ्या कुटुंबाची स्नाने उरकत. गीझरमध्ये जाळाची जागा कॉइलने घेतली आहे, एवढाच फरक. मात्र जाळात लाकूड सारून तो वाढविता येई, तशी २ किलोवॅटची कॉइल वाढविता येत नाही, आणि म्हणूनच टाकीच्या मापाचा विचार अगोदर करावा लागतो.

शिल्लक किती हे काढताना टाकीवर छापलेला आकडा जसाच्या तसा धरू नये. ऊन पाणी घेतले जात असताना तळाशी थंड पाणी शिरते व थोडेफार मिसळते, त्यामुळे पूर्ण तापमानाचे पाणी धारणक्षमतेच्या सुमारे ८० टक्केच हाती येते, असा अदमास धरणे रास्त आहे. उभ्या टाकीत थंड पाणी तळाशी राहते. आडव्या टाकीत थरांची उंची कमी असल्याने मिश्रण लवकर होते आणि हा अंश आणखी घटतो. दुसऱ्या बाजूने, गीझरचे ६० अंशांचे पाणी कोणी तसेच अंगावर घेत नाही. ते थंड पाण्यात मिसळून ४० अंशांच्या आसपास आणले जाते, आणि येणारे पाणी २० अंशांचे असेल तर ऊन व थंड पाणी समभाग पडते. तेव्हा २५ लिटरांच्या गीझरमधून २० लिटर कढत, म्हणजे स्नानायोग्य असे ४० लिटर पाणी मिळते.

पुनर्तापनाचा, म्हणजे रिकामी झालेली टाकी पुन्हा तापण्याच्या काळाचा, हिशेब सोपा आहे. लिटरांच्या संख्येस चढवावयाच्या अंशांनी गुणून ८६० ने भागले असता लागणारी वीज युनिटांत मिळते, आणि त्या युनिटांस कॉइलच्या किलोवॅटांनी भागले की तास मिळतात. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे १.१६ युनिट, म्हणजे २ किलोवॅटच्या कॉइलला ३५ मिनिटे लागतात. १५ लिटरांना २१ मिनिटे आणि ५० लिटरांना ७० मिनिटे. हीच गोष्ट उलटून पाहिली असता असे दिसते की, अशी कॉइल दर मिनिटास सुमारे ०.७ लिटर कढत पाण्याची भर घालते. स्नानायोग्य पाण्याच्या मापाने ही भर अर्ध्या तासात ४३ लिटर होते, आणि तिचा टाकीच्या आकाराशी काहीही संबंध नसतो.

उदाहरणार्थ, पुण्यातील एका पाच माणसांच्या कुटुंबाची हिवाळ्यातील सकाळ घेऊ. घरात दोन स्नानगृहे आहेत. आजोबा साडेपाचलाच स्नान उरकतात आणि आई सर्वांची पांगापांग झाल्यावर, म्हणून या दोघांचा भार निकडीच्या वेळेवर पडत नाही. साडेसहा ते सात या अर्ध्या तासात मात्र वडील व शाळेत जाणारा मुलगा एका स्नानगृहात पाठोपाठ, आणि महाविद्यालयात जाणारी मुलगी दुसऱ्यात, असा बेत असतो. वडील व मुलगा प्रत्येकी दीड बादली, म्हणजे ३० लिटर पाणी घेतात. मुलगी शॉवरखाली सहा मिनिटे असते, आणि शॉवरमधून मिनिटाला ८ लिटर पाणी पडते असे धरल्यास तिला ४८ लिटर लागतात. एकूण गरज १०८ लिटर.

दोन्ही स्नानगृहांस मिळून एकच गीझर लावावयाचा, तर २५ लिटरांच्या गीझरची शिल्लक ४० व भर ४३ मिळून ८३ लिटर होतात, आणि शेवटी स्नानास बसणाऱ्याच्या वाट्याला कोमट पाणी येते. ३५ लिटरांच्या गीझरने ९९ लिटर मिळतात, तेही अपुरेच. ५० लिटरांच्या गीझरने १२३ लिटर मिळून गरज भागते. परंतु तो पहिल्या तापणीस ७० मिनिटे घेतो, तेव्हा आजोबांच्या साडेपाचच्या स्नानासाठी तो पहाटे सव्वाचारच्या सुमारास चालू व्हावा लागतो, आणि एका माणसासाठी अडीच युनिटांच्या जवळपास वीज खर्चून सगळी टाकी तापविली जाते. शिवाय दूरच्या स्नानगृहापर्यंत पाऊण इंची नळ दहा मीटर गेला असेल तर त्यात सुमारे अडीच लिटर पाणी मावते व दोन स्नानांच्या दरम्यान ते निवत राहते.

याउलट प्रत्येक स्नानगृहात स्वतंत्र गीझर बसविण्याची तजवीज केली, तर बादलीच्या स्नानगृहात १५ लिटरांचा व शॉवरच्या स्नानगृहात २५ लिटरांचा पुरतो. मुलीच्या ४८ लिटरांत कढत पाणी २४ लिटर असते. त्यांपैकी २० शिल्लकेतून आणि ४ त्या सहा मिनिटांच्या भरीतून येतात, म्हणजे हिशेब जेमतेम जमतो. बादलीच्या बाजूस १२ लिटरांची शिल्लक पहिल्या बादलीत बहुतांशी संपते. परंतु अर्धी बादली काही मिनिटांनी भरली जाते आणि दुसऱ्या माणसाने पहिल्याचे स्नान झाल्यावर दहा-बारा मिनिटांनी नळ सोडला, तर तेवढ्या वेळात कॉइलने त्याच्या बादलीची सोय केलेली असते. एका गोष्टीची जाणीव मात्र ठेवावी : वेगळ्या टाक्यांत एकीची शिल्लक दुसरीच्या कामी येत नाही, म्हणून पाहुणे आले असता त्यांची विभागणी दोन्ही स्नानगृहांत करावी लागते. दोन्ही कॉइली एकाच वेळी चालू असता ४ किलोवॅटचा भार पडतो, तेव्हा प्रत्येक गीझरला स्वतंत्र तारा व पॉवर पॉइंट हवा आणि मीटरवरील मंजूर भारही तपासून घ्यावा.

हा सर्व हिशेब स्नान चालू असताना गीझर चालू राहतो या गृहीतावर उभा आहे, आणि आपल्याकडील असंख्य घरांत हेच गृहीत खरे नसते. विजेच्या धक्क्याच्या भीतीने स्नानास बसण्यापूर्वी गीझर बंद करण्याचा शिरस्ता आहे. ती भीती अनाठायी म्हणता येत नाही. पण तसे केल्याने अर्ध्या तासातील वीसेक मिनिटे कॉइल थंड राहते, भर ४३ लिटरांवरून जेमतेम १४ लिटरांवर येते, आणि घरच्या मंडळींची तक्रार सुरू होते की गीझर लहान घेतला. वरील कुटुंबात हा शिरस्ता असेल तर शॉवरच्या २४ लिटर कढत पाण्याचा सारा भार शिल्लकेवर येऊन तेथे ३५ लिटरांचा, आणि बादलीच्या बाजूसही ३५ लिटरांचाच गीझर घ्यावा लागेल. निर्दोष अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच हे तर प्रत्येक गीझरला असलेच पाहिजेत. त्यांची खात्री नसेल तेथे गीझर बंद करूनच स्नान करावे आणि माप शिल्लकेवरूनच काढावे.

स्थळ व ऋतू यांचा परिणामही लहान नाही. मुंबईत येणारे पाणी २५ अंशांचे असेल तर २५ लिटरांचा गीझर ४७ लिटर स्नानायोग्य पाणी देतो. घाटमाथ्यावरील थंडीत ते १५ अंशांचे असेल तर तोच ३६ लिटरच देतो, आणि स्नानायोग्य पाण्याच्या मापाने कॉइलची भर त्याहूनही अधिक उतरते. म्हणून मुंबईहून बदली होऊन आलेल्या कुटुंबाने जुन्या घरातील अनुभवावर विसंबू नये. दिवाळीतील अभ्यंगस्नानाच्या पहाटे सर्वांना सूर्योदयापूर्वी, तेही केस धुऊन, स्नान करावयाचे असते व गरज दुपटीवर जाते. परंतु वर्षातील त्या दोन-चार पहाटेंसाठी बारमाही मोठी टाकी तापवीत बसणे योग्य नव्हे. थर्मोस्टॅट ७० अंशांवर नेल्याने २५ लिटरांतून ५० लिटर मिळू शकतात, तथापि असे पाणी सेकंदभरातही कातडी पोळते, आणि घरात मूल अथवा वृद्ध असता हा उपाय करू नये.

कमी दाबाची वीज ही ग्रामीण भागातील, वारंवार नजरेआड होणारी बाब आहे. कॉइलची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टऐवजी २०० व्होल्टच मिळत असतील तर २ किलोवॅटची कॉइल दीड किलोवॅटचेच काम करते आणि ३५ मिनिटांची तापणी ४६ मिनिटांची होते. अशा ठिकाणी टाकी एक माप मोठी घ्यावी.

घरी असलेला गीझर पुरता आहे की नाही, हे नवा घेण्यापूर्वी पाहता येते. लाल दिवा विझल्यावर गीझरचा विद्युत्प्रवाह बंद करून केवळ ऊन पाण्याचा नळ सोडावा व मापाच्या बादलीत पाणी घेत जावे. वाफाळणे थांबून पाणी कोमट होईपर्यंत जितके लिटर भरले ती खरी शिल्लक. मग प्रवाह चालू करून दिवा पुन्हा विझेपर्यंतची मिनिटे मोजावी. शिल्लक अपेक्षेहून बरीच कमी निघाली पण मिनिटेही त्याच मानाने कमी भरली, तर थर्मोस्टॅट खाली ठेवलेला असण्याचा अथवा क्षारयुक्त बोअरच्या पाण्याचा गाळ टाकीच्या तळाशी साचून तिची जागा व्यापण्याचा संभव अधिक. मिनिटे फार जास्त लागली तर विजेचा दाब मोजून पाहावा. यांपैकी कोणताच दोष नसेल आणि तरीही सातपूर्वीच पाणी कोमट येत असेल, तेव्हाच टाकी मोठी घेण्याचा विचार करावा.