सिस्ट की अर्बुद? केराटोसिस्टच्या वर्गीकरणाचा इतिहास

खालच्या जबड्यात, बाहेर न आलेल्या अक्कलदाढेजवळ, न दुखणारी व सावकाश वाढणारी सूज आहे असे समजा. क्ष-किरण चित्रात स्पष्ट कडांची काळी पोकळी दिसते. ती डेंटिजेरस सिस्ट, ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट किंवा अमेलोब्लास्टोमा असू शकते. पहिली सिस्ट सोलून काढली की सहसा प्रश्न मिटतो. नेहमीच्या प्रकारच्या अमेलोब्लास्टोमात मात्र भोवतालचे निरोगी हाडही काढावे लागते. केराटोसिस्ट या दोहोंच्या मध्ये कुठे बसते, यावर अनेक वर्षे वाद झाला.

1956 मध्ये फिलिप्सन यांनी आतल्या केराटिनवरून या सिस्टला नाव दिले. 1963 मध्ये पिंडबोर्ग आणि हॅन्सन यांनी सूक्ष्मदर्शकाखालील तिची लक्षणे निश्चित केली: पाच ते आठ पेशींचे पातळ, एकसारख्या जाडीचे अस्तर, नागमोडी पृष्ठभाग आणि तळाशी ओळीने उभ्या गडद पेशी. जागतिक आरोग्य संघटनेने 1971 आणि 1992 च्या वर्गीकरणांत तिला सिस्टच मानले.

पण ती पुन्हा पुन्हा उद्भवे. पातळ अस्तर काढताना फाटते आणि भिंतीत छोट्या उपसिस्ट राहून जातात, हे त्याचे एक कारण. शिवाय ज्या आनुवंशिक गॉर्लिन सिंड्रोममध्ये अशा अनेक सिस्ट होतात, त्याच्याशी संबंधित PTCH1 जनुक 1996 मध्ये सापडले. पुढे एकट्या केराटोसिस्टमध्येही त्यात बदल आढळले. म्हणून 2005 मध्ये तिचे नाव ‘केराटोसिस्टिक ओडोन्टोजेनिक ट्यूमर’ झाले.

2017 मध्ये ती पुन्हा सिस्टच्या यादीत आली. PTCH जनुकाच्या भागातील बदल इतर जबड्याच्या सिस्टमध्येही आढळले होते. दुसरे असे की, पोकळीला तोंडात कायमची खिडक ठेवली, म्हणजे मार्सुपियलायझेशन केले, तर अनेकदा ती आकसते आणि तिचे अस्तर तोंडाच्या साध्या अस्तरासारखे होते. अर्बुद ठरवण्यास पुरावा अपुरा आहे, असा निष्कर्ष निघाला.

आता आपल्या रुग्णाकडे वळू. पोकळी दाताच्या मानेला चिकटलेली असेल तर डेंटिजेरस सिस्टकडे कल जातो, पण केराटोसिस्टही तसे भासवू शकते. जबडा फारसा न फुगवता ती हाडाच्या लांबीने पसरलेली असेल तर केराटोसिस्टची शंका घ्यावी. सुईने पांढरा, दह्यासारखा चोथा आला तर ती शंका बळावते. निर्णय मात्र बायोप्सीचा. तळाच्या पेशींची केंद्रके तळपटलापासून दूर सरकली असतील आणि पेशींत तळाशी पोकळ्या असतील, तर अमेलोब्लास्टोमाचा विचार करा. एक मर्यादा लक्षात ठेवा: सूज आलेल्या भागात केराटोसिस्टचे अस्तर आपली ओळख गमावते, म्हणून एकाच छोट्या तुकड्यावर निदान देऊ नये.

नाव बदलले, तरी ही सिस्ट उलटते ही वस्तुस्थिती बदलली नाही. ‘सिस्ट’ म्हणून अहवाल दिला, तरी रुग्णाला अनेक वर्षे तपासणीसाठी बोलावणे आवश्यकच आहे.