अपघातानंतरची व्हॉइस नोट आणि विमा कंपनीला द्यायची हकीगत: एकातून दुसरं कसं काढायचं?

गेल्या पावसाळ्यात मामाची व्हॉइस नोट आली. दोन मिनिटं चाळीस सेकंदांची. तो बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहतो. घरातून स्टेशनकडे निघाला आणि पुढच्या रिक्षाला गाडी लागली. क्लेम फॉर्ममध्ये ‘अपघात कसा झाला’ यासाठी जेमतेम सहा ओळींची जागा होती, आणि ते लिहायचं काम भाच्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. तुमच्यावरही कधीतरी अशी वेळ येईल, म्हणून मी ते कसं केलं ते सांगतो.

नोट अशी होती (थोडक्यात)

“अरे, गाडी ठोकली रे... म्हणजे फार नाही. सात-सव्वासात झाले असतील, पाऊस धो धो. समोर तो रिक्षावाला मध्येच थांबला! खड्डा आला असेल त्याला. शंभर टक्के त्याचीच चूक. मी काही जोरात नव्हतो, वीसच्या वर नसेन. ब्रेक मारला तर गाडी घसरतच गेली. उजवीकडे काढली, तरी डावा कोपरा लागला. हेडलाइट गेली. त्याचं मागचं वाकलंय जरा. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. तेवढ्यात तुझ्या मामीचा फोन वाजत होता... जाऊ दे, माझंच लक्ष गेलं बहुतेक. आणि मागच्या दाराचा जुना पोचा आहे ना, तोही यातच धर.”

पहिली पायरी: आहे तसं उतरवा, मग चाळा

आधी संपूर्ण नोट शब्दशः लिहून काढा. व्हॉइस टायपिंग वापरलंत तरी आकडे आणि डावं-उजवं स्वतः पुन्हा ऐकून तपासा, कारण घाईत बोललेले ‘सव्वासात’, ‘साडेसात’ हमखास चुकतात. मूळ नोट डिलीट करू नका.

मग प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे मामाने स्वतः पाहिलं किंवा केलं, की हा त्याचा अंदाज किंवा मत आहे? ‘रिक्षा थांबली’ हे पाहिलेलं. ‘खड्डा आला असेल’ हा अंदाज. ‘त्याचीच चूक’ आणि ‘माझंच लक्ष गेलं’ ही दोन्ही मतं, तीही एकाच नोटमध्ये आणि एकमेकांच्या उलट! हकीगतीत पाहिलेलं आणि केलेलंच घ्या. चूक कुणाची हे तुम्ही ठरवायचं नाही. शिवाय गाडीच्या पॉलिसीत साधारणपणे एक अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही किंवा भरपाईचा शब्द द्यायचा नाही. म्हणून ‘चूक’ हा शब्दच टाळा, घडलं ते क्रमाने सांगा.

दुसरी पायरी: फोनकडून वेळ घ्या

मामा म्हणाला सात-सव्वासात. पण त्याने काढलेल्या पहिल्या फोटोची वेळ ७.४१ होती, आणि नोट आली ७.५२ ला. मामीचा मिस्ड कॉल होता ७.३४ चा. मी विचारलं, “फोन वाजला तो ठोकण्याआधी की नंतर?” तो म्हणाला, “त्याच वेळी.” म्हणजे अपघात ७.३५ च्या सुमारास झाला. सव्वासात लिहिलं असतं तर फोटोशी वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडला असता, आणि सर्वेअरने पहिला प्रश्न तोच विचारला असता.

फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की त्यातली वेळ आणि जागेची माहिती निघून जाते. त्यामुळे मूळ फोटो गॅलरीत जपून ठेवा, आणि पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तिसरी पायरी: जे नाही ते विचारा

नोटमध्ये रिक्षाचा नंबर नव्हता, पण फोटोत दिसत होता. रिक्षात प्रवासी होते का? दोन होते, आणि दोघेही चालत गेले. ‘डावा कोपरा’ म्हणजे कुणाचा डावा? गाडीसमोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटं होतं. गॅरेजवाले म्हणतात तसं ‘कंडक्टर साइड’ लिहिलं की गोंधळ राहत नाही. वेगाचं काय? मामाने काटा पाहिला नव्हता, म्हणून वीसचा आकडा मी घेतला नाही.

आपण कुणाच्या वाहनाचं नुकसान केलं किंवा कुणी जखमी झालं, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे ड्रायव्हरने विमा कंपनीला लेखी कळवायचं असतं: पॉलिसी नंबर आणि मुदत, तारीख-वेळ-ठिकाण, जखमींचा तपशील, ड्रायव्हरचं नाव आणि लायसन्सचा तपशील. एवढं आधी भरा.

जिथे हात अडखळतो

दोन गोष्टींवर मामाशी माझं वाजलं. पहिली, फोनची. तो म्हणाला, “ते लिहू नकोस.” मी विचारलं, “उचललास का?” नाही, होल्डरमध्ये वाजत होता, त्याने फक्त नजर टाकली. मग तेवढंच लिहायचं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर आपल्याकडून झालेल्या चुकीलाही लागू असतं. दारू पिऊन चालवणं किंवा लायसन्स नसणं, ही क्लेम नाकारण्याची कारणं आहेत. नजर हलली, हे त्यात येत नाही. उलट फोन लपवला असता, तर वेळेचा आमचा सगळ्यात पक्का पुरावाच गेला असता.

दुसरी, जुन्या पोच्याची. धडक पुढच्या कोपऱ्याला आणि पोचा मागच्या दाराला, हे जुळतच नाही. सर्वेअर धडकेची दिशा आणि उंची पाहतो. जुन्या पोच्यात गंज आणि मुरलेली धूळ असते. एक खोटी ओळ सापडली की हेडलाइटच्या खऱ्या क्लेमवरही संशय येतो. मामा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “बरं, काढ ते.”

शेवटी फॉर्मवर गेलं ते असं

“संध्याकाळी सुमारे ७.३५ वाजता मी मांजर्ली, बदलापूर (प.) येथून स्टेशनकडे एकटाच गाडी चालवत जात होतो. जोराचा पाऊस होता, रस्ता ओला होता. पुढची रिक्षा थांबली. त्याच वेळी होल्डरमधला माझा फोन वाजला व मी त्याकडे पाहिले. फोन उचलला नाही. मी ब्रेक लावून गाडी उजवीकडे वळवली, पण गाडी घसरून तिचा पुढचा कंडक्टर साइडचा कोपरा रिक्षाच्या मागच्या उजव्या कोपऱ्याला लागला. माझ्या गाडीचा त्या बाजूचा हेडलॅम्प फुटला व बंपरला तडा गेला. रिक्षाचा मागचा पत्रा वाकला. रिक्षात दोन प्रवासी होते. कोणी जखमी झाल्याचे मला दिसले नाही. रिक्षा का थांबली ते मला माहीत नाही.”

शेवटची दोन वाक्यं नीट पाहा. ‘कोणी जखमी नाही’ असं छातीठोक लिहिलेलं नाही, कारण दुखणं दुसऱ्या दिवशीही वर येतं. आणि जे माहीत नाही, ते माहीत नाही असंच लिहिलंय.

हे मी मामाला मोठ्याने वाचून दाखवलं. बंपरचा तडा नोटमध्ये नव्हता, फोटोत होता, म्हणून तो गाडीपाशी जाऊन हात लावून बघून आला. मगच सही केली. सही त्याची, म्हणून प्रत्येक वाक्य त्याला मान्य असायला हवं. कंपनीला त्याच रात्री कळवलं, आणि सर्वेअर येऊन जाईपर्यंत हेडलॅम्प बदलला नाही.

कुणाला खरंच लागलं असेल तर मात्र क्रम बदलतो. आधी दवाखाना, मग पोलीस. हकीगत त्यानंतर.