तीन बॅगा, तीन कंपन्या... आणि एकच लोगो

२०१७ च्या खरिपाआधी जालना जिल्ह्यात मामाकडे गेलो होतो. ओसरीवर कपाशीच्या बियाण्याच्या बॅगा रचून ठेवल्या होत्या, तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. मामा म्हणाला, "सगळी अंडी एका टोपलीत नाही ठेवत आपण. एक वाण फेल गेलं तर दुसरं तारतं." मी मनात म्हटलं, वा! हे तर आपलं पोर्टफोलिओ डायव्हर्सिफिकेशन.

पण बॅगा जवळून बघितल्या तर तिन्हींवर एकच लोगो दिसला, बोलगार्ड टू. रंगसंगतीही साधारण सारखीच: हिरवी पानं, पांढरं फुटलेलं बोंड. मी विचारलं, "मामा, या तिन्ही कंपन्या एकच तर नाहीत ना?" मामा हसला. म्हणाला, "अरे, एक नागपूरची, एक हैदराबादची, एक तिकडं तमिळनाडूची. एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

मामाचं उत्तर बरोबर होतं. पण माझा प्रश्नही अगदीच चुकीचा नव्हता, हे त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कळलं. ते पुढे सांगतो.

आधी थोडा इतिहास. जालना म्हणजे बियाण्याचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी काढली. तीच आपली महिको. पुढे १९९८ मध्ये बारवाल्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. दुसरीकडे १९७६ मध्ये अकोल्यात महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ सुरू झालं, म्हणजे महाबीज. दोन्ही नावांत 'महा' आहे, दोघेही बियाणंच विकतात. शहरातला माणूस बेधडक म्हणेल की एकाच घरातली भावंडं. पण महिको खाजगी आणि महाबीज सरकारी, काडीचा संबंध नाही. 'महा' फक्त महाराष्ट्रातून आला.

ही झाली सोपी केस. नाव सारखं, मालक वेगळे.

अवघड केस बोलगार्डची. १९९८ मध्ये अमेरिकेच्या मोन्सॅन्टोने महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला, आणि दोघांनी मिळून निम्म्या-निम्म्या भागीदारीत महिको मोन्सॅन्टो बायोटेक ही तिसरी कंपनी काढली. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने महिकोच्या तीन बीटी वाणांना परवानगी दिली. बोंडअळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार करणारा तो जनुक. २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड टू आलं.

आता गंमत बघा. या तिसऱ्या कंपनीने तंत्रज्ञान स्वतःपुरतं ठेवलं नाही. देशभरातल्या चाळीसेक बियाणे कंपन्यांना लायसन्स दिलं. राशी, नुझिवीडू, अंकुर, अजित... प्रत्येकाने आपापल्या वाणात तो जनुक घातला आणि बॅगेवर बोलगार्डचा लोगो छापला. म्हणजे हे सरळसरळ 'इंटेल इनसाइड'. डेल आणि एचपी दोघांच्या लॅपटॉपवर तो स्टिकर असायचा, म्हणून कोणी दोन्ही कंपन्या एक आहेत असं म्हणत नव्हतं. आतला चिप्सवाला मात्र एकच.

या लोगोमागे पैसाही वाहत होता. प्रत्येक बॅगेमागे लायसन्सवाल्यांना ठरावीक रक्कम, ट्रेट फी, द्यावी लागायची. २०१६ मध्ये केंद्राने बोलगार्ड टूच्या ४५० ग्रॅमच्या बॅगेचा भाव ८०० रुपये ठरवला, त्यात ही फी होती ४९ रुपये. २०२० पासून ती शून्यावर आली. या फीवरूनच नुझिवीडू आणि मोन्सॅन्टो कोर्टात भांडले, आणि २०२१ मध्ये तडजोड झाली. एका लोगोखालच्या दोन कंपन्या वर्षानुवर्षं कोर्टात! यापेक्षा चांगला पुरावा कुठला, की त्या एक नव्हत्या?

बरं, मग ओळखायचं कसं? माझ्या मते 'एकच कंपनी आहे का?' हा एक प्रश्न नाहीच. तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळ्या ठिकाणी मिळतात.

पहिला: चिन्ह कोणाचं? लोगोच्या आसपास बारीक अक्षरात बघायचं, ट्रेडमार्क कोणाच्या मालकीचा आणि 'लायसन्सखाली वापर' असं काही लिहिलंय का. नसेल तर ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर बियाण्यांसाठी वर्ग ३१ मध्ये शोधायचं. रंग, पान, सूर्य, बोंड यांच्या साम्याला मी शून्य मार्क देतो. बियाण्याच्या धंद्यात ती जवळजवळ वर्दी आहे.

दुसरा: कंपनी कोणाची? कंपनीचा सीआयएन नंबर घ्यायचा. २१ अक्षरांचा असतो आणि आपल्या लोकांना वाचायला मजा येईल असा आहे. हा बनवलेला नमुना:

```
U 01111 MH 1964 PTC 000000
```

पहिलं अक्षर शेअर बाजारात नोंद आहे (L) की नाही (U), मग उद्योगाचा कोड, राज्य, स्थापनेचं वर्ष, प्रकार आणि नोंदणी क्रमांक. PTC म्हणजे प्रायव्हेट, PLC म्हणजे पब्लिक, SGC म्हणजे राज्य सरकारची. दोन कंपन्यांत तेच संचालक आणि तोच पत्ता दिसला तर संशय घ्यायला जागा आहे, पण तो पुरावा नव्हे. पुरावा वार्षिक विवरणात असतो, कारण तिथे होल्डिंग आणि उपकंपन्यांची नावं द्यावी लागतात.

तिसरा: जबाबदार कोण? हा शेतकऱ्याचा प्रश्न. बियाणं उगवलं नाही तर तक्रार लोगोवाल्याकडे होत नाही. लेबलवर ज्या उत्पादकाचं नाव, पत्ता आणि लॉट नंबर आहे, त्याच्या नावाने होते. म्हणून पावती आणि रिकामी बॅग हंगाम संपेपर्यंत टाकायची नाही.

आता नोव्हेंबर २०१७. त्या वर्षी महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कपाशीची वाट लावली. मामाने फोन केला. तिन्ही वाणं गेली होती. बोंड फोडलं की आत अळी आणि कवडी झालेला कापूस. कंपन्या वेगळ्या, वाणं वेगळी, पण आतले दोन जनुक तेच. त्यातल्या पहिल्या जनुकाला गुलाबी अळी दाद देत नाही, हे गुजरातेत २०१० मध्येच जाहीर झालं होतं. पुढे ती दुसऱ्यालाही सरावली. एका बॅगेत जी अळी वाचली ती तिन्हीत वाचणार होती.

खरं तर यावर उपाय बॅगेतच होता. सोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटी बियाणं यायचं. ते शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतात, प्रतिकारक अळ्यांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकार लवकर पसरत नाही. पण आपली जागा अळीला कोण देतो? मामाने ती पाकिटं सरळ उकिरड्यावर टाकली होती. त्याच्यासारखेच बहुतेकांनी.

म्हणजे मामाचं डायव्हर्सिफिकेशन मालकीच्या पातळीवर खरं होतं आणि जोखमीच्या पातळीवर खोटं. तीन वेगळ्या बँकांत पैसे ठेवले, पण तिन्ही बँकांनी एकालाच कर्ज दिलेलं, तसं काहीसं.

दुसऱ्या वर्षी मामाने निम्म्या रानात सोयाबीन घातलं. मी विचारलं, "कोणत्या कंपनीचं?" म्हणाला, "कंपनी कोणती का असेना, अळी तर वेगळी आहे ना!"