कॅनव्हा : कार्यक्रमाचे पोस्टर व निमंत्रणपत्रिका

मजकूर, चित्रे आणि आकृत्या माउसने ओढून हव्या त्या जागी ठेवत पोस्टर, पत्रिका वगैरे तयार करण्याचे, ब्राउझरमध्ये व मोबाइलवर चालणारे साधन. ते ऑस्ट्रेलियात तयार झाले आणि 2013 मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याची मोफत आवृत्ती महाराष्ट्रातील गणेशमंडळे, वाचनालये आणि गृहनिर्माण सोसायट्या सर्रास वापरतात. नोंदीत उदाहरणादाखल एका सोसायटीची दिवाळी पहाट घेतली आहे. सूचनाफलकांसाठी ए-3 पोस्टर, घरोघरी वाटायला ए-5 पत्रिका आणि व्हॉट्सॲपसाठी एक चित्र, एवढे तिला लागते.

कामाची सुरुवात टेम्प्लेट निवडण्यापासून नव्हे, तर छापखान्याला कागदाचा आकार विचारण्यापासून करावी. डिजिटल छपाईच्या दुकानांत 12 × 18 किंवा 13 × 19 इंची कागद असतो. ए-3 म्हणजे 297 × 420 मिमी. त्याच्या चारी बाजूंना कापणीसाठी 3 मिमी जादा रंग सोडला, म्हणजे ‘ब्लीड’ दिला, की रुंदी 303 मिमी होते. 12 इंच म्हणजे जेमतेम 305 मिमी. यंत्र कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही आणि बाजूच्या कापणीच्या खुणांनाही जागा उरत नाही. म्हणून 13 × 19 चा कागद मागावा. तो नसेल तर पोस्टरच थोडे लहान, समजा 280 × 400 मिमीचे आखावे. कॅनव्हात `Custom size` मध्ये मिलिमीटर निवडून हे माप टाकता येते. तयार रचनेचे माप बदलण्याची सोय मोफत खात्यात नसल्याने माप पहिल्या झटक्यात बरोबर पडलेले बरे.

मराठी पोस्टर बिघडण्याचे मोठे कारण मात्र अक्षरांत आहे. बहुतेक टेम्प्लेट रोमन लिपीसाठी बेतलेली असतात. त्यांच्या शीर्षकांत कॅपिटल अक्षरे ऐसपैस दिसावीत म्हणून अक्षरांमध्ये जादा अंतर दिलेले असते. त्याच चौकटीत ‘दिवाळी पहाट’ टाइप केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे दिसू लागतात. `Letter spacing` शून्यावर आणले की रेषा सांधते. ओळींमधले अंतरही असेच. रोमन अक्षरांना 1.0 पुरते, मराठीत तेवढ्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. `Line spacing` 1.3 ते 1.4 ठेवल्यास दोन्हींना श्वास घेता येतो.

फॉन्टची खूण सोपी आहे. यादीतून फॉन्टची नावे बदलत गेलो तरी मराठी अक्षरांचे वळण बदलत नसेल, तर त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच; कॅनव्हा आपल्या मनाने दुसरा फॉन्ट लावत आहे. मुक्ता, बालू, हिंद, खंड, कलम हे देवनागरी असलेले फॉन्ट. यात्रा वन हा मुंबईच्या लोकल स्थानकांवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला फॉन्ट शीर्षकाला शोभतो, पण कलाकारांच्या लांब यादीला तो नको. फॉन्ट पक्का करण्यापूर्वी ‘श्री’, ‘ळ’, ‘ॲ’, ‘गाणाऱ्या’ आणि ‘प्रसिद्ध’ एवढे टाइप करून पाहावे. ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ यांवरच अनेक फॉन्ट अडखळतात. एका पोस्टरला दोन फॉन्ट पुष्कळ झाले.

फोटोंबाबत पडद्यावर फसगत होते. गायिकेचा व्हॉट्सॲपवरून आलेला 1280 पिक्सेल रुंदीचा फोटो स्क्रीनवर लख्ख दिसतो, पण 300 डीपीआयने तो सुमारे 11 सेंमी रुंदीपर्यंतच नीट छापला जातो. तोच पोस्टरच्या पूर्ण रुंदीभर ताणला तर इंचाला 110 पिक्सेलच उरतात आणि चेहरा मऊ पडतो. कलाकाराकडून मूळ फोटो ईमेलने किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. चित्रावर मुकुटाची खूण असेल तर ते पैसे मोजून घ्यायचे. तसेच उतरवले तर पोस्टरवर वॉटरमार्क येतो.

छपाईसाठी आधी `Show print bleed` चालू करून पार्श्वभूमीचा रंग त्या रेषेपर्यंत ओढून घ्यावा. मजकूर कडेपासून किमान 5 मिमी आत असावा. अनेक टेम्प्लेटमध्ये कडेला खेटून एक नाजूक सोनेरी चौकट असते. कापणी मिलिमीटरभर सरकली तरी ती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसते, म्हणून ती काढून टाकलेली उत्तम.

मग `Download` मध्ये `PDF Print` निवडून `Crop marks and bleed` वर खूण करावी. `PDF Standard` मध्ये चित्रे 96 डीपीआयची होतात, ती छापखान्याला देऊ नये. सीएमवायके रंगांतली फाइल फक्त सशुल्क खात्यात मिळते. मोफत फाइल आरजीबीच असते आणि रंगांचे रूपांतर छापखान्यात होते. त्यात राणी रंग आणि पोपटी फिके पडतात, तर गडद निळा जांभळ्याकडे झुकतो. पहाटेचे आकाश निळेच हवे असेल तर सगळी छपाई सुरू होण्याआधी त्याच कागदावर एक प्रत काढून पाहावी.

प्रेसवाला बहुधा ‘ओपन फाइल द्या’ म्हणतो, म्हणजे त्याला कोरलड्रॉची फाइल हवी असते. कॅनव्हा ती देत नाही. मग प्रेसवाला पीडीएफच कोरलड्रॉत उघडतो आणि तिथे ‘प्रसिद्ध’मधले जोडाक्षर फुटते किंवा वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. उघडताना मजकूर `Curves` म्हणून घेतला की हा घोटाळा टळतो. दुसरा उपाय आपल्याच हातात आहे : उतरवताना `Flatten PDF` वर खूण करावी, म्हणजे सगळे पान एकच चित्र होते. त्यात बारीक अक्षरांची धार किंचित जाते आणि छापखान्यात दुरुस्ती करता येत नाही. तरीही मराठी मजकुरासाठी हाच मार्ग बरा, कारण चुकीची वेलांटी सगळ्या सोसायटीला दिसते.

ए-5 पत्रिका हा पोस्टरचा नुसता लहान अवतार नव्हे. ए-3 चे ए-5 करताना लांबी-रुंदी निम्मी होते आणि 18 पॉइंटचा पत्ता 9 पॉइंटचा. ज्येष्ठांना वाचता यावे म्हणून पत्ता व वेळ 11 पॉइंटच्या खाली आणू नयेत. पोस्टरवरचे मोठे चित्रच कमी करावे. जागेच्या नकाशाचा क्यूआर कोड किमान 2 सेंमीचा असावा, फिक्या पार्श्वभूमीवर गडद रंगात, सभोवती मोकळी जागा सोडून. तो स्क्रीनवरून नव्हे, छापील प्रतीवरून तपासावा.

फोनसाठी 1080 × 1350 पिक्सेलची वेगळी रचना करून त्यात नाव, वार, तारीख, वेळ, जागा एवढेच ठेवावे. स्टेटससाठी 1080 × 1920 लागते. मजकूर जास्त असलेल्या चित्राला जेपीजीपेक्षा पीएनजी चांगले. व्हॉट्सॲप चित्र दाबून पाठवते, तेव्हा अक्षरे फुटू नयेत म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून जोडावे. चित्रातल्या नकाशाच्या लिंकवर बोट ठेवून काही उघडत नाही. ती सोबतच्या संदेशात लिहावी किंवा `Flatten` न करता `PDF Standard` पाठवावी. समितीला तपासायला लिंक द्यायची तर `Can view` ची द्यावी. `Can edit` दिल्यास कुणाच्या तरी अंगठ्याने प्रायोजकाचे नाव सरकते, आणि जुन्या आवृत्तीवर परतण्याची सोय मोफत खात्यात नाही. म्हणून लिंक देण्याआधी `Make a copy` करून एक प्रत आपल्याकडे ठेवावी.