साठा-उलाढाल आणि साठ्याचे दिवस

दुकानातला माल वर्षभरात सरासरी किती वेळा विकला जाऊन पुन्हा भरला गेला, हे सांगणारा आकडा म्हणजे साठा-उलाढाल. विकलेल्या मालाच्या खरेदी किमतीला सरासरी साठ्याने भागले की तो मिळतो. हाच हिशेब दिवसांत मांडला, म्हणजे सरासरी साठ्याला ३६५ ने गुणून विकलेल्या मालाच्या खरेदी किमतीने भागले, की साठ्याचे दिवस निघतात. दुकानदाराला दुसरा आकडा लवकर पटतो, कारण ‘उलाढाल नऊ वेळा’ यापेक्षा ‘चाळीस दिवसांचा माल पडून आहे’ हे त्याच्या रोजच्या भाषेतले आहे. दुकानात गरजेपेक्षा जास्त माल भरला जातो का, हे या दोन आकड्यांवरून तपासता येते. मात्र व्यापार हंगामी असेल तर वर्षाची सरासरी दिशाभूल करते. बीड जिल्ह्यातला जवळपास सगळाच ग्रामीण व्यापार हंगामी असल्याने ही नोंद तिथल्या कृषी सेवा केंद्राच्या उदाहरणावरून दिली आहे.

गेवराई, माजलगाव भागात कापूस आणि केज, अंबाजोगाई, परळीकडे सोयाबीन, अशी जिल्ह्यातली खरिपाची ढोबळ विभागणी आहे. बियाणे, खते आणि फवारणीची औषधे विकणाऱ्या दुकानाचा निम्म्याहून जास्त धंदा जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत आटोपतो. रब्बीत ज्वारी-हरभऱ्यामुळे पुन्हा थोडी हालचाल होते आणि उन्हाळ्यात दुकान जवळपास थंड असते. अशा दुकानाला साठा नोंदवही नव्याने सुरू करावी लागत नाही. बियाणे नियंत्रण आदेश १९८३, खत नियंत्रण आदेश १९८५ आणि कीटकनाशक नियम १९७१ यांनुसार ती ठेवावीच लागते. अनुदानित खताची विक्री पॉस यंत्रावर होत असल्याने गोणीगणिक शिल्लकही कळते. म्हणजे माहिती दुकानातच पडलेली असते, ती एका कागदावर महिनावार उतरवायची एवढेच काम उरते.

तक्त्याला पाच रकाने पुरतात: महिना, आरंभीची शिल्लक, खरेदी, अखेरची शिल्लक आणि विकलेल्या मालाची खरेदी किंमत. पहिली ओळ शीर्षकांची आणि त्याखाली एप्रिल ते मार्च धरले, तर सूत्रे अशी:

```
B3:  =D2
E2:  =B2+C2-D2
D14: =AVERAGE(B2,D2:D13)
E14: =SUM(E2:E13)
F14: =E14/D14
G14: =D14*365/E14
```

`B3` आणि `E2` ही सूत्रे खालच्या महिन्यांना ओढून घ्यायची. सगळे आकडे खरेदी किमतीने आणि जीएसटी वगळून भरायचे. विक्रीचा आकडा गल्ल्यावरून घेतला आणि साठा मात्र खरेदीच्या भावाने मांडला, तर नफा आणि करही उलाढालीत मिसळतात आणि माल आहे त्याहून वेगाने फिरतो असे दिसते. बियाण्याला जीएसटी नाही, खताला ५ टक्के आणि रासायनिक कीटकनाशकांना १८ टक्के आहे. त्यामुळे ही भेसळ सगळ्या मालात सारखीही होत नाही.

पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. गेवराई तालुक्यातल्या एखाद्या मध्यम कृषी सेवा केंद्राचे वर्ष साधारण या चालीने जाते. १ एप्रिलची आरंभीची शिल्लक ३ लाख धरली आहे आणि सर्व रकमा लाख रुपयांत आहेत.

| महिना | खरेदी | अखेरची शिल्लक | विकलेला माल |
|---|---|---|---|
| एप्रिल | २ | ४ | १ |
| मे | १२ | १४ | २ |
| जून | १३ | १० | १७ |
| जुलै | ९ | ९ | १० |
| ऑगस्ट | ६ | ८ | ७ |
| सप्टेंबर | ३ | ७ | ४ |
| ऑक्टोबर | ५ | ७ | ५ |
| नोव्हेंबर | ५ | ६ | ६ |
| डिसेंबर | २ | ५ | ३ |
| जानेवारी | १.५ | ४.५ | २ |
| फेब्रुवारी | १ | ४ | १.५ |
| मार्च | ०.५ | ३ | १.५ |

वर्षात ६० लाखांचा माल गेला. ताळेबंदावरून हिशेब करणारा आरंभीची आणि अखेरची शिल्लक घेऊन सरासरी ३ लाख काढतो. त्यावरून उलाढाल २० वेळा आणि साठा १८ दिवसांचा येतो. आकडा देखणा आहे, पण ३१ मार्चला दुकान वर्षातल्या सर्वांत रिकाम्या अवस्थेत असते आणि सरासरी नेमकी त्या दिवसाचीच घेतली गेली. आरंभीची एक आणि महिनाअखेरच्या बारा अशा तेरा शिलकींची सरासरी ६.५ लाख येते. मग उलाढाल ९.२ वेळा आणि साठा साधारण ४० दिवसांचा ठरतो. दुकान तेच आणि वह्याही त्याच असून उत्तर दुपटीहून अधिक बदलले. हंगामी दुकानाचे साठ्याचे दिवस कोणी सांगितले, तर सरासरी किती तारखांची घेतली हे आधी विचारावे.

चाळीस दिवस म्हणजे जास्त माल का, हे मात्र या आकड्यावरून अजूनही कळत नाही. त्यासाठी मागच्या खपाने भागणे सोडून पुढच्या खपातून साठा वजा करत जावे लागते. मेअखेरचा १४ लाखांचा साठा वर्षाच्या सरासरी खपाने भागला तर ८५ दिवसांचा भरतो आणि दुकानदाराने गोदाम उगाच भरले असे वाटते. पण जूनमध्येच १७ लाखांचा माल जातो, म्हणजे तो साठा २५ दिवसही पुरत नाही. डिसेंबरअखेरची गोष्ट उलटी आहे. ५ लाखांची शिल्लक वर्षाच्या सरासरीने ३० दिवसांची दिसते आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. जानेवारीचे २, फेब्रुवारीचे दीड आणि मार्चचे दीड लाख वजा केले की तीच शिल्लक ३१ मार्चपर्यंत, म्हणजे पूर्ण ९० दिवस पुरते. तरीही या दुकानाने त्या तिमाहीत आणखी ३ लाखांची खरेदी केली. त्यातली काही विशिष्ट मागणीची असेलही, पण जादा भरणा शोधायचा तर तो मेच्या ढिगाऱ्यात नव्हे, जानेवारीच्या बिलांत सापडतो.

पुढचा खप हा अर्थातच अंदाज असतो आणि तो पावसावर टांगलेला असतो. मृग कोरडा गेला की जूनची विक्री जुलैत सरकते आणि २५ दिवसांचा साठा दीड-दोन महिन्यांचा होतो. मराठवाड्याने २०१२, २०१५ आणि २०१८ ही दुष्काळी वर्षे पाहिली आहेत. त्यामुळे मेच्या खरेदीचा हिशेब फक्त गेल्या वर्षाच्या जूनवर करू नये. हाताशी असलेल्या वर्षांपैकी सर्वांत वाईट जूनवरही एकदा करून पाहावा आणि त्या दोन उत्तरांमधल्या फरकाचा माल परत घेण्याच्या बोलीवर मिळतो का, ते विचारावे.

यानंतर साठा मालाच्या प्रकारानुसार फोडावा. वरच्या दुकानात सरासरी साठ्यापैकी बियाणे दीड लाखाचे, खत दोन लाखांचे आणि औषधे तीन लाखांची आहेत असे समजू. वर्षाचा खप अनुक्रमे २०, २८ आणि १२ लाख. बियाण्याचे २७ दिवस, खताचे २६ आणि औषधांचे मात्र ९१ दिवस निघतात. दुकानाच्या चाळीस दिवसांत हे नव्वद दिवस झाकले गेले होते. वर्षाला १२ टक्के व्याजाच्या कॅश क्रेडिटवर हा माल उभा असेल, तर तीन लाखांच्या औषधांवर वर्षाला ३६ हजार रुपये व्याज जाते.

औषधांच्या फळीवर आणखी खाली उतरले की कारण हाती लागते. एका बुरशीनाशकाच्या चोवीस बाटल्यांचा खोका जुलैत घेतला. मार्चअखेरपर्यंत नऊ महिन्यांत आठ बाटल्या गेल्या, सोळा उरल्या. याच चालीने त्या संपायला अठरा महिने लागतील आणि बाटलीवरची मुदत संपायला चौदाच महिने बाकी आहेत. म्हणजे चारएक बाटल्या आजच बुडीत धरायला हव्यात. प्रत्यक्षात जास्तच बुडतील, कारण मुदत जवळ आलेली बाटली शेतकरी उलटून पाहतो आणि परत ठेवतो. मुदत संपलेले कीटकनाशक विकता येत नाही, ते वेगळे काढून ठेवावे लागते. म्हणून औषधांच्या बाबतीत साठ्याचे दिवस उरलेल्या मुदतीशी ताडून पाहणे हीच खरी कसोटी आहे. बियाण्याचेही तसेच: उगवणक्षमता चाचणीची वैधता पहिल्या वेळी नऊ महिन्यांची असते, त्यामुळे एका खरिपाचे उरलेले पाकीट पुढच्या खरिपात तसेच विकायला निघत नाही.

असा माल दुकानदाराच्या चुकीच्या अंदाजामुळेच येतो असे नाही. युरिया किंवा डीएपीची टंचाई असली की वरून ‘लिंकिंग’ होते, म्हणजे हव्या असलेल्या गोण्यांसोबत विद्राव्य खत, सूक्ष्म अन्नद्रव्ये किंवा एखादे टॉनिक गळ्यात मारले जाते. या प्रकाराविरुद्ध तक्रारी दर खरिपात होतात. तक्त्यात लिंकिंगच्या मालाची ओळ वेगळी ठेवली, तर त्याचे दिवस खताच्या दिवसांत मिसळत नाहीत. युरियाच्या गोणीवर खरोखर किती सुटले, हेही त्या पडून राहिलेल्या मालाची किंमत वजा केल्याशिवाय कळत नाही.

तक्ता चुकण्याची सर्वांत नेहमीची जागा शेवटचा रकाना आहे. आरंभीची शिल्लक अधिक खरेदी वजा अखेरची शिल्लक, या वजाबाकीला विकलेला, कंपनीला परत गेलेला, मुदत संपून बाजूला काढलेला आणि उंदरांनी फोडलेला माल वेगळा ओळखता येत नाही. सप्टेंबरात एक लाखाचे कापूस बियाणे परत गेले आणि ते खरेदीतून वजा केले नाही, तर त्या महिन्याचा खप एक लाखाने फुगतो आणि पुढच्या वर्षी तितकेच बियाणे पुन्हा मागवले जाते. परतीच्या मालाची क्रेडिट नोट उशिरा येते, म्हणून माल ज्या दिवशी गाडीत चढला त्या तारखेलाच नोंद करावी. दुसरी खूण अखेरच्या शिलकीत दिसते. ती दर महिन्याला गोल आकड्यात येत असेल, तर माल मोजलेला नसून अंदाजाने लिहिलेला आहे. वरच्या तक्त्यातले गोल आकडे फक्त वाचायला सोपे जावेत म्हणून आहेत.

किराणा दुकानाला हीच रीत लागू पडते, पण वर्षाचे तुकडे वेगळे पडतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या अनेक गावांतून ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि साधारण पाडव्याच्या आसपास परततात. त्या काळात गिऱ्हाइकाची घरेच कमी असतात. तिथे उचल हाती असतानाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या खपावरून नोव्हेंबरचा तेल-साखरेचा माल भरला, तर साठ्याचे दिवस महिन्याभरात दुप्पट होतात.

या हिशेबाची एक मर्यादा बीडसारख्या भागात फार मोठी ठरते. साठ्याचे दिवस फळीवरच्या मालाचे असतात, गल्ल्यात परतलेल्या पैशाचे नसतात. जूनमध्ये १७ लाखांचा माल गेला तरी त्यातला बराचसा उधारीवर गेलेला असतो आणि तो पैसा कापसाची वेचणी होऊन दसरा-दिवाळीला सुटू लागतो. होलसेलरची बिले मात्र त्याच्या आधी येऊन थांबलेली असतात. २५ दिवसांत रिकामे झालेले गोदाम आणि पाच महिने अडकलेले भांडवल एकाच दुकानात असू शकते. म्हणून येणे उधारीला ३६५ ने गुणून आणि वर्षाच्या उधार विक्रीने भागून तिचे दिवस काढावेत आणि साठ्याच्या दिवसांशेजारी आठव्या रकान्यात लिहावेत.